आठ सेकंदांचा वाद्यवृंद

व्हायोलिनचा ताफा पदरी बाळगणे कुणाही गाणाऱ्या मंडळीला परवडत नाही. मग तो ताफा एका पेटीत बंद करता आला तर? इंग्लंडमध्ये साठच्या दशकात हा खटाटोप खरोखरच झाला. मूळ कल्पना अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिन यांची. त्यांची यंत्रे इंग्लंडात पोहोचली आणि तिथल्या बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी १९६३ साली त्याच धर्तीवर ‘मेलोट्रॉन’ बाजारात आणला. पुढे आर्ट रॉक म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीताचा तो जणू कणाच झाला. मला मात्र या वाद्याच्या गुणांपेक्षा त्याच्या खोडींचेच कौतुक अधिक वाटते.

आपल्या बाजाच्या पेटीत पट्टी दाबली की हवा सुराच्या पात्यावरून जाते. मेलोट्रॉनमध्ये पट्टी दाबली की तिच्याखालची टेपची एक फीत सतत फिरणाऱ्या दांड्यावर दाबली जाते आणि वाचक-हेडवरून सरकू लागते. प्रत्येक पट्टीला स्वतंत्र फीत, आणि तिच्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला तेवढा एकच सूर. बोट उचलले की स्प्रिंग फितीला परत मूळ जागी ओढते.

फितीचे वेटोळे का केले नाही? तसे केले असते तर सूर हवा तितका लांबला असता. पण गजाची पहिली घासणी, बासरीतली पहिली फुंकर दर वेळी आरंभी ऐकू आली नसती. वाद्याची ओळख पटते ती या आरंभावरून. तो राखायचा म्हणून फीत सुटी ठेवली, आणि त्याची किंमत ठरली सुमारे आठ सेकंद. फीत संपली की सूर गप्प.

आता वादकाची अडचण पाहा. सेकंदाला एक मात्रा अशी संथ लय धरली, तर आठ मात्रांत सूर संपतो. चार मात्रांच्या हिशेबाने फक्त दोन आवर्तने! त्याआधी स्वरमेळ बदलायला हवा. तोच ठेवायचा असेल तर एकेक बोट पाळीपाळीने उचलून पुन्हा दाबायचे, म्हणजे बाकीचे सूर चालू राहतात आणि खंड जाणवत नाही. जलद ताना या यंत्राला जमत नसत, कारण फीत परतायलाही क्षणभर लागे. म्हणून मेलोट्रॉनसाठी बांधलेल्या चाली संथ, भारदस्त आणि लांब सुरांच्या झाल्या.

याचा उत्तम नमुना म्हणजे मूडी ब्लूज या मंडळीचे १९६७ मधले ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’. त्या तबकडीत खरा वाद्यवृंदही आहे, त्यामुळे गाण्यातली तंतुवाद्येही त्याचीच, असा ऐकणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात गायकामागे उठणारी ती लाट माइक पिंडर यांच्या मेलोट्रॉनची आहे. पिंडर यांनी आधी मेलोट्रॉनच्या कारखान्यात नोकरी केली होती. वाद्याच्या डाव्या बाजूला ताल-साथीच्या फिती असत. त्या काढून त्यांनी तिथेही सुरांच्या फिती बसवल्या आणि दोन्ही हात चालीसाठी मोकळे केले.

दुसरी खोड सुराची. सगळ्या फिती एकच दांडा ओढतो. अनेक पट्ट्या एकदम दाबल्या की त्याच्यावर भार पडतो, वेग घटतो आणि सूर खाली घसरतो. कॅसेट रेंगाळली की गाणे कसे रडवेले होते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही खूण चटकन ओळखता येईल.

जेनेसिस मंडळीच्या टोनी बँक्स यांनी या दोषाशी भांडण केले नाही. त्यांच्या मेलोट्रॉनवर काही स्वरमेळ अगदीच बेसूर लागत, पण काही विलक्षण भारून टाकणारे लागत. त्या चांगल्या लागणाऱ्या मेळांवरच त्यांनी १९७२ च्या ‘वॉचर ऑफ द स्काइज’चा गंभीर आरंभ रचला. इथे यंत्राने रचना ठरवली.

इंग्लंडातल्या वादकांच्या संघटनेला या यंत्राची धास्ती वाटली होती. एका माणसाच्या बोटांनी व्हायोलिनवाल्यांची पोटे मारली जातील, ही भीती वावगी नव्हती. पण मेलोट्रॉनचे व्हायोलिन हुबेहूब कधी वाटलेच नाही. प्रत्येक सूर वेगळा ध्वनिमुद्रित केलेला, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड त्यात नाही. वर टेपची बारीक थरथर. खऱ्या वादकाची जागा त्याला पूर्णपणे घेता आली नाही. त्याऐवजी धुक्यातून आल्यासारखा एक निराळाच आवाज जन्मला.

१९८६ मध्ये त्या मूळ कारखान्यातले उत्पादन थांबले. आज संगणकावर तोच आवाज सहज मिळतो, आणि सूर कितीही लांबवता येतो. तरी अनेक वादकांना थरथरीसकट जुन्या फितींचाच आवाज हवा असतो. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ पुन्हा ऐकाल, तेव्हा लक्ष गायकाच्या मागे ठेवा. लाट उठते, किंचित डळमळते, आणि फीत संपण्याआधी दुसऱ्या सुरावर जाते.