शेवटच्या पेपरची चार वाक्यं

मे महिना उजाडला की दुपारी पेपर सुटल्यावर कॉलेजच्या फाटकात फोटोंची झुंबड उडते. संध्याकाळपर्यंत ते फोटो इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला चढतात. खाली लिहायच्या दोन-चार ओळींपाशी मात्र भले भले अडतात, कारण तीच ओळ शेजारच्या बाकावरची मैत्रीणही वाचणार असते आणि घरी आईही.

टीवायबीकॉमची एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. गाव कराडपासून तासाभरावर, तीन वर्षं रोज एसटीने ये-जा. सहाव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर देऊन ती बाहेर येते आणि पटकन लिहिते : ‘अखेर सुटले! तीन वर्षांचा तुरुंग संपला. आता मी ग्रॅज्युएट!’

भावना खरी आहे, पण वाचणाऱ्यांच्या बाजूने पाहा. ज्या वडिलांनी फी भरायला दर वर्षी कुठून तरी पैसे उभे केले, त्यांना ‘तुरुंग’ लागतो. ग्रुपमधल्या जिचा एक विषय राहिला आहे, केटीचा पेपर अजून द्यायचा आहे, तिला ‘सुटले’ लागतं. शिवाय निकाल लागायचा आहे, तेव्हा ‘ग्रॅज्युएट’ म्हणायला अजून वेळ आहे. निकालात काही कमी-जास्त झालं, तर हीच ओळ नातेवाईक आठवून दाखवतात.

मोकळं वाटलं ते कशातून, हे नेमकं सांगितलं की यातलं बरंच मार्गी लागतं. सुटका झाली ती पाठांतरातून, तीन तास धरलेल्या पेनातून, पहाटेच्या गजरातून. माणसांतून नाही. म्हणून ‘कॉलेज संपलं’पेक्षा ‘पुरवणीला दोरा बांधला’ हे जास्त खरं वाटतं. ते हातांनी केलेलं आहे आणि वर्गातल्या प्रत्येकाने केलेलं आहे.

आठवणींचंही तसंच. ‘ते सोनेरी दिवस’, ‘अविस्मरणीय प्रवास’ हे शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात, म्हणून कुणालाच भिडत नाहीत. मैत्रिणींसाठी एक गोष्ट अशी हवी, जी त्यांनाच कळेल. आईवडिलांसाठी एक अशी, जी फक्त त्यांनी केली. ‘आईबाबा, तुमच्यामुळेच’ यात आई दिसत नाही. डबा म्हटला की दिसते.

आता तीच मुलगी पुन्हा लिहायला बसते :

‘शेवटच्या पुरवणीला दोरा बांधला आणि हात किती दुखतोय ते तेव्हा कळलं. पावणेसातच्या एसटीत माझी जागा धरणाऱ्या दोघींनो, ताळेबंद जुळेना म्हणून व्हरांड्यात घातलेले वाद आता कुणाशी घालू? आई, उद्या पहाटे उठू नकोस, डबा नकोय. निकाल लागेल तेव्हा लागेल, आज झोपते.’

चार वाक्यं. पहिल्यात सुटका, दुसऱ्यात मैत्रिणी, तिसऱ्यात आई. चौथ्यात निकालाची बढाई नाही आणि भीतीही नाही. मला तिसरं वाक्य सगळ्यात आवडतं. त्यात आभाराचा एकही शब्द नाही, तरी तीन वर्षं पहाटे पेटलेली शेगडी त्यात आहे. वडिलांचं नाव आलं नाही म्हणून वाईट वाटणार असेल, तर त्यांच्या वाट्याचंही एखादं काम घालावं, मग ते पासाचे पैसे असोत की पावसात स्टँडवर येऊन थांबणं. मात्र मामापासून चुलत बहिणीपर्यंत सगळ्यांना गोवलं, की आभारप्रदर्शन सुरू होतं.

लांबीचंही पाहावं लागतं. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरांपर्यंत लिहू देतं, पण स्क्रोल करताना सुरुवातीची एक-दोन ओळच दिसते, उरलेलं दाबून उघडावं लागतं. त्यामुळे दोरा आणि दुखणारा हात आधी यायला हवा. ‘फायनली’ने किंवा इमोजींच्या रांगेने सुरुवात केली, तर ती जागा फुकट जाते. आणि आईने वाचावं असं वाटत असेल, तर देवनागरीतच लिहावं. रोमन लिपीतलं मराठी मित्र झरझर वाचतात, घरी मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं.

फोटोतही एक मेख आहे. हॉल तिकीट हातात धरून काढलेला फोटो छान दिसतो, पण त्यावर पूर्ण नाव, आसन क्रमांक, सही, बऱ्याचदा आईचं नावही असतं. काही विद्यापीठांच्या संकेतस्थळावर आसन क्रमांक आणि आईचं नाव एवढ्यावर निकाल उघडतो. म्हणजे आपला निकाल आपल्याआधी दुसऱ्या कुणी पाहायची सोय आपणच करून दिली. तिकिटाची घडी घालून फक्त कॉलेजचं नाव दिसू द्यावं, नाहीतर शाई लागलेल्या बोटांचा फोटो टाकावा.

व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि घरातली मोठी माणसं ते उघडतातच असं नाही. म्हणून हीच चार वाक्यं घरच्या ग्रुपवरही फोटोसकट पाठवावीत. आजी असेल तर तिला वाचूनच दाखवावीत.