डेल्टाची बेरीज रुपयांत करा

निर्देशांक एका अंकाने वर गेल्यास किती रुपये मिळतील, ते डेल्टा सांगतो. समजा, एनएसईवर निफ्टी 25,000 वर आहे आणि तुमचा डेल्टा +150; बँक निफ्टी 55,000 वर, डेल्टा −75. बेरीज +75, म्हणून कल तेजीचा वाटतो. पण भावाने गुणल्यावर 37.5 लाख रुपयांसमोर उणे 41.25 लाख उभे राहतात. खरा कल मंदीचा आहे. बँक निफ्टीचा बीटा 1.1 धरला तर मंदीचा कल आणखी वाढतो. बीटा स्थिर नसतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून निर्देशांकनिहाय आकडेही शेजारी ठेवावेत. तरीही कच्ची बेरीज अधिक फसवी. गॅमा एकत्र करताना भाव आणि बीटा, दोहोंचा वर्ग घ्यावा लागतो. व्हेगाची बेरीज सर्वांत कमी भरवशाची, कारण जवळच्या मुदतीची अस्थिरता सहसा दूरच्या मुदतीपेक्षा जास्त उसळते. व्हेगा मुदतनिहाय वेगळाच मांडा.