कमानीवरचं ‘एनबीए’ आणि ऑस्ट्रेलियाचा अर्ज

सांगलीकडच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातली गफलत इतकी सार्वत्रिक आहे की आजचा लेख तिलाच देतो. ते लिहितात, “मी २०१९चा मेकॅनिकल. कॉलेजच्या कमानीवर ‘एनबीए मानांकित’ लिहिलंय. भारत वॉशिंग्टन करारात आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियात माझी पदवी चालणार ना?”

भारत २०१४ साली एनबीएमार्फत या कराराचा पूर्ण सदस्य झाला, हे खरं. पण करार देशाला लागू होतो म्हणून देशातल्या प्रत्येक पदवीला लागू होत नाही. एनबीए मानांकन देते ते कॉलेजला नव्हे, एकेका शाखेला आणि ठरावीक वर्षांपुरतं. शिवाय त्यात दोन टियर आहेत. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग टियर-१मध्ये येतात, विद्यापीठाला संलग्न असलेली कॉलेजं टियर-२मध्ये. करारात बसतं ते फक्त टियर-१. एआयसीटीईची मंजुरी किंवा नॅकची श्रेणी इथे उपयोगाची नाही. पहिली कॉलेज चालवायची परवानगी आहे, दुसरी अख्ख्या संस्थेचं मूल्यमापन.

म्हणून एनबीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत कॉलेज सापडलं की तिथे थांबायचं नाही. आपली शाखा, तिचं टियर आणि मुदत, तिन्ही पाहायचं. या वाचकांची मेकॅनिकल यादीत आहे, पदवीचं वर्षही मुदतीत बसतं, पण समोर टियर-२ आहे. कॉलेज २०२१ला स्वायत्त झालं आणि पुढे टियर-१ मिळालं. त्याचा फायदा नंतरच्या मुलांना. २०१९च्या बॅचला तो मागे जाऊन मिळत नाही. कमानीवरची पाटी मात्र दोघांना एकच दिसते!

एवढ्यावरून दार बंद झालं असं समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी इंजिनिअरची पात्रता तपासते ती ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’. कराराचा रस्ता नसेल तर तिथे सीडीआर, म्हणजे कौशल्य-अहवाल, द्यावा लागतो. त्याचा गाभा म्हणजे तीन ‘करिअर एपिसोड’, प्रत्येकी एक ते अडीच हजार शब्दांचे. ‘आमच्या टीमने केलं’ अशी भाषा तिथे चालत नाही. गणित कुणी मांडलं, मटेरियल कुणी निवडलं, ते ‘मी’ म्हणून लिहावं लागतं. बाजारात तयार अहवाल विकत मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नक्कल तिथे तपासली जाते, आणि सापडली तर अर्ज फेटाळतात, वर काही काळ पुन्हा अर्जही करू देत नाहीत.

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टवर एक एपिसोड लिहिता येतो. उरलेल्या दोनांसाठी या वाचकांकडे पंपाच्या कारखान्यातली कामं आहेत. त्यांनी आधी जुनी ड्रॉइंग्ज, आकडेमोडीची पानं आणि अनुभवाचं पत्र शोधून काढावं, एजंटला पैसे नंतर.