अरबी समुद्र हिरवा का होतो?

समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं अजूनही अनेकांना वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठे शास्त्रज्ञही तसंच मानत. १९२१ साली युरोपातून ‘नरकुंडा’ बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांच्यापाशी निकोलचा लोलक होता. पृष्ठभागावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश या लोलकाने अडवता येतो. आकाशाचं प्रतिबिंब असं पुसल्यावरही पाणी निळंच राहिलं. बोट मुंबई बंदरात असताना त्यांनी हे निरीक्षण ‘नेचर’ला कळवलं.

हा निळा रंग पाण्यात शिरून परत वर आलेल्या प्रकाशाचा असतो. पाण्याचे रेणू लाल प्रकाश भराभर शोषतात, त्यामुळे पाच-दहा मीटर खोलीवर तो जवळजवळ संपतो. निळा प्रकाश मात्र स्वच्छ पाण्यात शंभर मीटरच्याही खाली पोहोचतो आणि त्यातला थोडा विखरून वर येतो. पेल्यातल्या पाण्यात प्रकाशाचा प्रवास जेमतेम काही सेंटीमीटरचा असल्याने ते बिनरंगी दिसतं. लक्षद्वीपच्या बेटांबाहेरचा खोल समुद्र गर्द निळा दिसतो, याचं कारण त्या पाण्यात पाण्याखेरीज फारसं काही नसतं.

म्हणजे हा निळा रंग एका अर्थाने वैराणपणाची खूण आहे.

डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती-प्लवकांमधलं हरितद्रव्य नेमका निळा प्रकाश खातं. लाल पाण्यानेच संपवलेला असतो, निळा प्लवकांनी, उरतो हिरवा. पण प्लवकांना प्रकाशाबरोबर नायट्रेटसारखं खतही लागतं आणि ते असतं खाली, अंधारात. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात ते वर येतं. जमिनीवरून येणारे कोरडे, गार वारे वरचं पाणी थंड करतात, ते जड होऊन बुडतं आणि खालचं खतयुक्त पाणी त्यात मिसळतं. जानेवारी ते मार्चच्या सुमारास तिथे मैलोन्‌मैल हिरवे पट्टे पसरतात. गेल्या काही दशकांत त्यांत ‘नॉक्टिल्युका’ या जीवाचा वाटा मोठा असतो. तो स्वतः हिरवा नाही. त्याच्या पोटात राहणाऱ्या इवल्या हिरव्या शैवालांमुळे तो तसा दिसतो.

१९९९ पासून इस्रोचे ‘ओशनसॅट’ उपग्रह हेच पाहत आले आहेत. परतणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचं गुणोत्तर काढून हरितद्रव्याचा अंदाज बांधला जातो. त्यावरून आणि पाण्याच्या तापमानावरून हैदराबादचं ‘इन्कॉइस’ मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवतं.

किनाऱ्याजवळ मात्र हे गणित फसतं. खाड्या आणि नद्यांतून येणारा गाळ प्रकाश विखरतो, कुजलेल्या पालापाचोळ्यातून विरघळलेली पिवळसर द्रव्यंही निळा प्रकाश शोषतात. उपग्रहाला तिथे नसलेले प्लवक ‘दिसतात’. खरं-खोटं ठरवायला बोटीतून जाऊन पाण्याचा नमुना घ्यावा लागतो; तो बारीक गाळणीतून गाळून, गाळणीवरचं हरितद्रव्य अॅसिटोनमध्ये उतरवून मोजलं जातं.