रेफर केलेला पेशंट आणि एक चिठ्ठी

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मी औशात फिजिशियन आहे. माझ्याकडचे बरेच पेशंट गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी पाठवलेले असतात. मग लोक विचारतात, "त्यांना तुम्ही कट देता का?" प्रश्न रास्त आहे. कट म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल दिलेला पैसा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत त्याला सरळ मनाई आहे, तरी तो चालतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, मूळचे आपल्या मराठवाड्यातले, यांना एमआरआयला पेशंट पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक आला होता. त्यांनी थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. हा पैसा शेवटी पेशंटच्याच बिलातून निघतो.

मग कट न देता डॉक्टर पेशंट पाठवतात कशाला? त्याच नियमांत उत्तर आहे: पाठवणाऱ्याने केसची माहिती लिहून द्यायची आणि स्पेशालिस्टने आपलं मत लेखी कळवायचं.

एक उदाहरण सांगतो. अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी पायाला सूज आली म्हणून आले. सोबत चिठ्ठी होती: बीपीची गोळी चालू, गुडघ्यासाठी दोन महिने डायक्लोफेनॅक. तेवढ्या एका ओळीमुळे मी लगेच क्रिएटिनिन तपासलं. ते २.१ आलं, म्हणजे किडनीवर ताण होता.

इथं खरी परीक्षा असते. "कुणी दिली ही गोळी?" असं पेशंटसमोर म्हटलं की आपण मोठे ठरतो आणि तो डॉक्टर पुढच्या वेळी चिठ्ठीत ती ओळ लिहीतच नाही. पण लपवायचंही नाही. मी म्हणालो, "काका, ही दुखण्याची गोळी तुमच्या किडनीला सोसली नाही. आता बंद, मेडिकलमधूनसुद्धा घ्यायची नाही." मग डॉक्टरांना फोन केला आणि पत्र दिलं. निदान काय, काय बंद केलं, तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन त्यांनीच करायचं आणि वाढलेलं दिसलं तर मला कळवायचं. बीपीचा फॉलोअपही त्यांच्याकडेच ठेवला. पेशंट पळवला की पाठवणारा थांबतो, हे उघड आहे.

तीन आठवड्यांनी आकडा १.४ वर आला. पुढच्या महिन्यात त्याच डॉक्टरांचा फोन: "सर, अजून एक आजी आहेत, गोळ्या बऱ्याच दिवसांपासून घेतात. आधी क्रिएटिनिन करूनच पाठवतो."

सगळे असे नसतात. कट नाही म्हटल्यावर काहींनी पेशंट पाठवणं बंद केलं, ते परत आलेले नाहीत. आणि फोन करूनही कुणी तेच औषध देत राहिला, तर मी पेशंटला डॉक्टर बदलायला स्पष्ट सांगतो.

तुम्हाला कुणी रेफर केलं तर चिठ्ठी मागा, आणि परत जाताना स्पेशालिस्टच्या उत्तराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.