पाच हजारांचे तीन हजार होतात तेव्हा

डिजिटल एक्सचेंजला जोडलेल्या लँडलाइनवर आपण बोलतो, तेव्हा घरापासून एक्सचेंजपर्यंत तांब्याच्या तारेतून आवाजाची अखंड लहर जाते. एक्सचेंजमधल्या लाइन कार्डवर तिचे आकडे होतात. तिथला कन्व्हर्टर सेकंदाला 8,000 वेळा त्या क्षणाचा विद्युतदाब मोजतो आणि प्रत्येक मोजमाप 8 बिटांत लिहितो. एका संभाषणाला सेकंदाला 64,000 बिट लागतात, हा टेलिफोन जगतातला जुना हिशोब इथूनच आला.

दोन मोजमापांच्या मधे 125 मायक्रोसेकंदांचा काळ जातो. त्या काळात लहरीनं काय केलं, हे कन्व्हर्टरला ठाऊक नसतं. तरीही पलीकडच्या टोकाला आवाज पुन्हा सलग होतो, आणि तोही अंदाजपंचे जोडलेला नसतो. हे कसं जमतं?

उत्तराचं श्रेय सहसा हॅरी नायक्विस्ट यांच्या नावावर आहे. स्वीडनमध्ये जन्मलेले नायक्विस्ट अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीत होते, आणि 1928 सालचा त्यांचा निबंध होता तारायंत्राविषयी: ठरावीक रुंदीच्या वाहिनीतून सेकंदाला किती स्पंदनं पाठवता येतील? नमुन्यांचा सिद्धांत आज आपण ज्या रूपात शिकतो, तो रशियात कोटेल्निकोव्ह यांनी 1933 मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये मांडला. तरी नाव नायक्विस्टना चिकटलं ते चिकटलंच. सिद्धांत सांगतो की लहरीतली सर्वांत जलद कंपनं जितकी असतील, त्याच्या दुपटीहून अधिक वेगानं नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून मूळ लहर हुबेहूब उभी करता येते. सेकंदाला 8,000 नमुने घेतले, तर 4,000 हर्ट्झच्या खालचं सगळं परत मिळतं.

बरोबर दुप्पट मात्र पुरत नाही. नेमक्या 4,000 हर्ट्झच्या सुराला प्रत्येक आवर्तनात दोनच नमुने मिळतात, आणि ते दोन्ही लहर शून्यातून जाताना पडले तर हाती नुसती शून्यंच येतात. सूर वाजतोय, वहीत त्याची नोंद नाही.

मर्यादेच्या वर गेल्यावर काय होतं, ते याहून विचित्र आहे. साहजिकच वाटतं की 5,000 हर्ट्झचा सूर आला तर तो नोंदवला जाणार नाही, तेवढंच. पण तो नोंदवला जातो, आणि चुकीच्या जागी. घड्याळाकडे दर 55 मिनिटांनी एकदाच पाहणाऱ्या माणसाला मिनिटकाटा प्रत्येक वेळी पाच मिनिटं मागे सरकलेला दिसेल. काटा मधे जवळजवळ पूर्ण फेरी मारून आला, हे त्याला कळायला मार्ग नाही. इथेही तसंच होतं. 5,000 हर्ट्झची लहर दोन नमुन्यांच्या मधे आवर्तनाचा पाच-अष्टमांश भाग पुढे जाते, आणि पाच-अष्टमांश पुढे जाणं म्हणजे तीन-अष्टमांश मागे जाणं. तीन-अष्टमांशाची चाल असते 3,000 हर्ट्झच्या लहरीची.

आकडेच पाहू. 5,000 हर्ट्झच्या लहरीचा पहिला नमुना शिखरावर घेतला, तर पुढचे नमुने ओळीनं येतात: 1, −0.71, 0, 0.71, −1. आता तोच उद्योग 3,000 हर्ट्झच्या लहरीवर करा. 1, −0.71, 0, 0.71, −1. अक्षरशः तेच. वहीत हे पाच आकडे पाहणाऱ्याला मूळ सूर कोणता, ते कुठल्याही गणितानं सांगता येणार नाही. पुनर्बांधणी करणारं यंत्र नियमाप्रमाणे 4,000 च्या खालचा सूर निवडतं आणि 3,000 हर्ट्झ वाजवतं. यालाच एलियासिंग म्हणतात.

4,000 ची रेघ म्हणजे कागदाची घडी. रेघेच्या वर जे जितकं दूर, ते तितकंच खाली येऊन पडतं. 6,000 चे 2,000 होतात, 7,000 चे 1,000. क्रमही उलटतो: वर चढत जाणारी शिट्टी रेघ ओलांडल्यावर खाली उतरताना ऐकू येते. माणसाच्या बोलण्यात हे प्रकरण थेट भोवतं, कारण ‘स’ उच्चारताना निघणाऱ्या फुत्काराची बरीचशी शक्ती 4,000 हर्ट्झच्या वर असते. तो फुत्कार तसाच कन्व्हर्टरमध्ये सोडला, तर तो दुमडून 1,000 ते 3,000 च्या पट्ट्यात, म्हणजे नेमका स्वरांची ओळख ठरवणाऱ्या पट्ट्यात, खरखर होऊन बसेल.

म्हणून कन्व्हर्टरच्या आधी फिल्टर लागतो. नंतर लावून चालत नाही, कारण आकडे झाल्यावर खोटे 3,000 आणि खरे 3,000 यांत काही फरकच उरलेला नसतो. खोटे काढायला जावं तर खरेही जातात. टेलिफोनमध्ये हा फिल्टर साधारण 3,400 हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ देतो आणि पुढचा दाबतो. त्यामुळे ‘स’चा फुत्कार बराच कापला जातो, आणि फोनवर नाव सांगताना ‘स’ आणि ‘फ’ची गफलत होते. ती किंमत विचारपूर्वक मोजलेली आहे.

3,400 च का, थेट 4,000 का नाही? कारण रेघेवर उभी भिंत बांधता येईल असा फिल्टर कुणाला बनवता येत नाही, उतार असतोच. एक रोध आणि एक धारित्र यांचा सर्वांत साधा फिल्टर 3,400 ला लावला, तर तिथे सूर 71 टक्के उरतो आणि 4,600 हर्ट्झवरही जवळजवळ 60 टक्के. हा कसला अटकाव! 4,600 हा आकडा अशासाठी, की तो दुमडून बरोबर 3,400 वर येतो. 4,000 ते 4,600 मधलं जे निसटेल, ते 3,400 ते 4,000 मध्ये पडेल, आणि तो पट्टा पलीकडचा फिल्टर तसाही कापतो. त्यामुळे उताराला 3,400 ते 4,600 एवढी जागा मिळते. तेवढ्यात पुरेसं खाली उतरायचं, तर अनेक टप्प्यांचा फिल्टर लागतो, आणि त्यातले घटक मोजूनमापून निवडावे लागतात.

या कटकटीतून सुटका झाली ती नमुने गरजेपेक्षा कितीतरी जास्त घेऊन. समजा कन्व्हर्टर 64 पट, म्हणजे सेकंदाला 5,12,000 नमुने घेतो. आता आवाजाच्या पट्ट्यात दुमडून येण्यासाठी कंपनं 5,08,600 हर्ट्झच्या वरची हवीत. मायक्रोफोनमधून त्या भागात जवळजवळ काही येत नाही. तारेत शिरलेला रेडिओचा उपद्रव मात्र येऊ शकतो. तोच साधा फिल्टर 20,000 हर्ट्झला लावला तरी बोलण्याला धक्का लागत नाही आणि तो उपद्रव 25 पटींनी कमी होतो. तीव्र उताराचा फिल्टर मग आकड्यांवर, गणितानं चालवतात. तिथे घटकांची किंमत उन्हाळ्या-पावसाळ्यात सरकत नाही.

इथे एक खोच आहे, आणि सॉफ्टवेअरवाले तिथे हमखास अडखळतात. 64 पट नमुन्यांवरून पुन्हा 8,000 वर यायचं, तर दर 64 मधला एक ठेवून बाकीचे नुसते फेकता येत नाहीत. नमुने फेकणं म्हणजे कमी वेगानं नव्यानं नमुने घेणंच, आणि 4,000 ची घडी पुन्हा हजर होते. आधी आकड्यांचा फिल्टर, मग फेकाफेकी.

तुम्ही स्वतः एखाद्या सेन्सरची मोजमापं घेत असाल आणि आलेखात अनपेक्षित शिखर दिसलं, तर नमुन्यांचा वेग थोडा बदलून पाहा. खरं शिखर त्याच हर्ट्झवर राहील. ते जागेवरून हललं, तर ते दुमडून आलेलं आहे, आणि दुरुस्ती कन्व्हर्टरच्या आधीच्या तारेवर करावी लागेल.