गच्चीवरचा पाइप किती जाड गुंडाळायचा?

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे सोलरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर असतं आणि बाहेर थंडी असते, समजा २० अंशांची. टाकीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची लोखंडी जीआय पाइप २० मीटर उघडाच गेला असेल, तर त्याचा प्रत्येक मीटर सुमारे ३५ वॅट उष्णता हवेत सोडतो. वारा सुटला की आणखी. म्हणजे अख्खा पाइप मिळून ७०० वॅट.

त्यावर काळ्या नायट्राइल रबराची ९ मिलिमीटर जाड नळी चढवली, की मीटरमागचा तोटा १४ वॅटवर येतो. १९ मिलिमीटरला तो साडेनऊ होतो आणि ३२ मिलिमीटरला सात. पहिला थरच निम्म्याहून अधिक काम उरकतो. जाडी वाढते तसा बाहेरचा घेरही वाढतो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक मिलिमीटरचा उपयोग घटत जातो. अशा पाइपला १९ मिलिमीटर बहुतेक वेळा पुरतात.

पण बचत किती, हे जाडीपेक्षा पाइप किती तास गरम राहतो यावर ठरतं, आणि विक्रेते नेमकं हेच सांगत नाहीत. वसतिगृहात किंवा हॉटेलात पंप गरम पाणी दिवसरात्र फिरवत असेल, तर १९ मिलिमीटरच्या आवरणाने ५१० वॅट वाचतात, म्हणजे दिवसाला सुमारे १२ युनिट. त्यापुढे ३२ मिलिमीटरपर्यंत गेल्यास दिवसाला जेमतेम एक युनिट वाढतं.

घरगुती सोलरचा हिशेब निराळा. तिथे अंघोळ झाली की या पाइपमध्ये सात-साडेसात लिटर पाणी अडकून राहतं. उघड्या पाइपात ते अर्ध्या तासात ६० वरून ४० अंशांवर येतं, गुंडाळलेल्यात पावणेदोन तास लागतात. पाठोपाठ अंघोळी होत असतील तर फायदा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोन्ही पाइपांतून आधी गारच पाणी येणार! तिथे पाइपाची लांबी कमी करणं जास्त उपयोगी.

टाकीची परीक्षा थर्मामीटरने होते. सूर्य मावळल्यावर, पाणी न वापरता, टाकीचं तापमान घ्यायचं आणि पहाटे पुन्हा. २०० लिटर पाणी एक अंश उतरलं की पाव युनिटाला थोडी कमी उष्णता गेली. टाकीभोवती ५० मिलिमीटर जाड, कोरडा पफ असेल तर रात्रीत दोन-तीन अंशांची घट समजण्यासारखी आहे. आठ-दहा अंश उतरले तर दोन शक्यता पाहाव्यात: एकतर पत्र्याच्या सांध्यातून पाणी शिरून आवरण ओलं झालं आहे, नाहीतर रात्री गार पडलेल्या पॅनेलमधून पाणी उलटं फिरतं आहे. दुसरी शंका असेल, तर पॅनेलचा व्हॉल्व्ह संध्याकाळी बंद करून एका रात्रीसाठी परीक्षा पुन्हा घ्यावी आणि ऊन चढण्याआधी तो आठवणीने उघडावा.

पाइपाच्या रबरालाही उन्हाचा त्रास होतो. उघडं ठेवलं तर ते तडकतं, म्हणून वर ॲल्युमिनियमचा पत्रा हवा. एल्बो आणि व्हॉल्व्ह कारागीर हमखास सोडून देतात, ते मात्र हात लावून तपासावेत.